सिलिकॉन उजळत का नाही? इनडायरेक्ट बँड गॅप शिकताना आणि तपासताना या चुका टाळा

ठाण्यातल्या एका पदवी महाविद्यालयात मी भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिके घेते. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने घणसोलीतल्या आपल्या घरी रात्री सगळे दिवे मालवून एक प्रयोग केला. त्याने 1N4007 या सिलिकॉनच्या डायोडमधून अग्रदिशेने प्रवाह सोडला आणि मोबाइलचा पुढचा कॅमेरा त्यावर रोखून पाहिले. पडद्यावर काहीच दिसले नाही. मग त्याने टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले, तेव्हा जांभळट ठिपका लख्ख दिसला. दुसऱ्या दिवशी तो वहीत निष्कर्ष लिहूनच आला. "मॅडम, सिलिकॉन इनडायरेक्ट आहे म्हणून तो प्रकाश देतच नाही. त्यातली सगळी ऊर्जा फोनॉनमध्ये जाते, आणि गॅलियम आर्सेनाइडमध्ये ती फोटॉनमध्ये जाते."

फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण आणि फोनॉन म्हणजे स्फटिकाच्या कंपनाचा कण. त्याच्या या निष्कर्षातला एकही शब्द पाठ्यपुस्तकाबाहेरचा नाही, आणि तरीही त्यात दोन चुका आहेत. प्रयोगात आणखी दोन होत्या. दरवर्षी तोंडी परीक्षेत याच चुका वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येतात, त्यामुळे त्या कुठून येतात आणि कशा ओळखाव्यात हे एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

आकृतीतला आडवा अक्ष म्हणजे जागा नव्हे

ऊर्जापट्ट्यांची आकृती फळ्यावर काढली की सिलिकॉनच्या कंडक्शन बँडचा, म्हणजे वरच्या मोकळ्या पट्टीचा, तळ उजवीकडे सरकलेला दिसतो, आणि व्हॅलन्स बँडचा, म्हणजे खालच्या भरलेल्या पट्टीचा, माथा मधोमध राहतो. गॅलियम आर्सेनाइडमध्ये तळ बरोबर माथ्याच्या वर येतो. तळ आणि माथा यांच्यातले ऊर्जेचे अंतर म्हणजे बँड गॅप; तळ सरकलेला असेल तर तो इनडायरेक्ट, आणि बरोबर वर असेल तर डायरेक्ट. ही आकृती पाहून बहुतेकांच्या मनात असे चित्र तयार होते की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन एका जागी आहे, होल, म्हणजे इलेक्ट्रॉन नसल्याने राहिलेली पोकळी, दुसऱ्या जागी आहे, आणि दोघांची गाठ पडण्यासाठी इलेक्ट्रॉनला आडवे चालत जावे लागते. ही चूक मी स्वतःही काही वर्षे पेरली. ठाणे स्थानकात समोरच्याच फलाटावरची गाडी पकडणे आणि पूल चढून पलीकडच्या फलाटावर जाणे, असे उदाहरण मी वर्गात देत असे. विद्यार्थ्यांना ते फार आवडे, आणि नेमके त्यामुळेच 'इनडायरेक्ट म्हणजे लांब' हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसे. ते उदाहरण मी आता देत नाही.

आडव्या अक्षावर असतो तो k, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या लहरीचा तरंगसदिश. स्फटिकातला इलेक्ट्रॉन एका अणूपाशी बसलेला नसून शेकडो अणूंवर पसरलेला असतो, आणि एका थरातून पुढच्या थरात जाताना त्याच्या लहरीची कला किती बदलते हे k सांगतो. आकृतीच्या मधोमध, म्हणजे गॅमा बिंदूपाशी, हा बदल शून्य असतो आणि प्रत्येक थरात लहर त्याच ठेक्यात पुन्हा येते. सिलिकॉनच्या कंडक्शन बँडचा तळ मात्र गॅमापासून X या कडेच्या बिंदूपर्यंतच्या अंतराच्या साधारण 85 टक्क्यांवर आहे. तिथे एका थरातून पुढच्या थरात जाताना कला सुमारे 150 अंशांनी फिरते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक थरात लहर उलटी होते.

आता प्रकाशाचा विचार करू. सिलिकॉनमधून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी हवेत सुमारे 1140 नॅनोमीटर असते, आणि स्फटिकाच्या आत तो मंदावल्यामुळे ती 325 नॅनोमीटरच्या आसपास येते. सिलिकॉनच्या स्फटिकाचा एकक कोश 0.543 नॅनोमीटरचा असल्यामुळे प्रकाशाची एक लहर 600 कोशांवर पसरते, आणि शेजारशेजारच्या थरांना तिचे विद्युतक्षेत्र अगदी सारखेच वाटते. इलेक्ट्रॉन होलमध्ये पडून फोटॉन सोडणार असेल, तर प्रत्येक थराचा वाटा एकमेकांत मिसळावा लागतो. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल दोघेही गॅमापाशी असल्यामुळे सगळ्या थरांचे वाटे एकाच दिशेने येतात आणि त्यांची बेरीज होते. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनची लहर थराथराला पलटते पण होलची पलटत नाही, त्यामुळे एका थराचा वाटा पुढचा थर खोडून काढतो आणि शेवटी हाती काहीच उरत नाही.

पुस्तकात 'फोटॉनचा संवेग नगण्य असल्यामुळे संवेगाची अक्षय्यता पाळली जात नाही' असे जे एक वाक्य येते, त्याचा अर्थ हा आहे. संख्येत सांगायचे तर, इलेक्ट्रॉनने जितका तरंगसदिश भरून काढायला हवा, तो स्फटिकाच्या आतल्या फोटॉनकडे असलेल्या तरंगसदिशाच्या सुमारे 500 पट आहे. ही तूट फोनॉन भरून काढतो. स्फटिकाचे जे कंपन नेमक्या त्याच पलटत्या ठेक्यात थरांना हलवते, ते थराथरांमधली खोडाखोड मोडते. मात्र आता एकाच घटनेत इलेक्ट्रॉन, होल, फोटॉन आणि फोनॉन अशा चौघांचा मेळ जमावा लागतो, आणि म्हणून ती घटना विरळ होते.

तोंडी परीक्षेत हा गैरसमज ओळखण्याची माझी पद्धत सोपी आहे. सिलिकॉनची चकती अर्ध्या जाडीची केली तर इलेक्ट्रॉन आणि होल जवळ येऊन तो डायरेक्ट होईल का, असे मी विचारते. जो 'थोडाफार होईल' म्हणतो, त्याने आडवा अक्ष जागा म्हणून वाचलेला असतो.

'गॅप लहान म्हणून प्रकाश नाही' आणि 'संयुग म्हणून डायरेक्ट'

सिलिकॉनचा बँड गॅप सामान्य तापमानाला 1.12 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि गॅलियम आर्सेनाइडचा 1.42 आहे. या दोन आकड्यांवरून काही जण असे धरून चालतात की गॅप मोठा असेल तर प्रकाश मिळतो आणि लहान असेल तर उष्णता. गॅपच्या आकारावरून फक्त प्रकाशाचा रंग ठरतो. प्रकाश मिळेल की नाही हे त्यावर अवलंबून नाही. हिऱ्याचा गॅप सुमारे 5.5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असूनही तो इनडायरेक्ट आहे, आणि इंडियम अँटिमोनाइडचा जेमतेम 0.17 असूनही तो डायरेक्ट आहे. गॅलियम आर्सेनाइडचा स्वतःचा प्रकाशदेखील 870 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरा समज असा की मूलद्रव्ये इनडायरेक्ट असतात आणि संयुगे डायरेक्ट. गॅलियम फॉस्फाइड आणि ॲल्युमिनियम आर्सेनाइड ही दोन्ही संयुगे इनडायरेक्ट आहेत, एवढ्यानेच हा समज मोडतो. खरे कारण शोधायचे असेल तर आवर्तसारणीची चौथी ओळ पाहावी. तिथे गॅलियम, जर्मेनियम आणि आर्सेनिक हे तिघे सलग बसले आहेत, आणि सिलिकॉन त्यांच्या वरच्या ओळीत आहे. चौथ्या ओळीतल्या या अणूंमध्ये बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या आत 3d कक्षेतले दहा इलेक्ट्रॉन असतात. हे दहा इलेक्ट्रॉन केंद्रकाचा वाढलेला भार पुरेसा झाकू शकत नाहीत. बाहेरचा 4s इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळपर्यंत शिरकाव करत असल्यामुळे त्याच्यावरची ओढ वाढते आणि त्याची ऊर्जा खाली येते.

गॅमा बिंदूपाशी कंडक्शन बँडमध्ये जी s प्रकारची अवस्था असते, ती याच इलेक्ट्रॉनांपासून बनते, त्यामुळे तीही खाली ओढली जाते. कडेच्या X बिंदूजवळच्या अवस्थांमध्ये p चा वाटा बराच असतो, म्हणून त्या तितक्या हलत नाहीत. सिलिकॉनमध्ये ही ओढ नसल्यामुळे गॅमापाशी सरळ उडी मारायला सुमारे 3.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि X जवळची दरी, म्हणजे कंडक्शन बँडचा तिथला तळ, 1.12 वरच राहते. जर्मेनियममध्ये गॅमाची अवस्था इतकी खाली येते की तो फक्त 0.14 इलेक्ट्रॉन-व्होल्टने डायरेक्ट होण्याचे चुकतो. गॅलियम आर्सेनाइडमध्ये गॅमा सर्वांत खाली जातो, आणि त्याच्या जवळची पुढची दरी जवळपास 0.3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर राहते.

म्हणजे 'डायरेक्ट असणे' हा गॅलियम आर्सेनाइडचा अढळ गुणधर्म नसून त्यातल्या दऱ्यांच्या चढाओढीचा निकाल आहे, आणि तो बदलता येतो. त्यात गॅलियमच्या जागी ॲल्युमिनियम मिसळत गेलो तर सुमारे 45 टक्क्यांपर्यंत मिश्रण डायरेक्ट राहते; त्यापुढे X ची दरी खाली येते आणि प्रकाश झपाट्याने उतरतो. लाल एलईडी बनवणाऱ्यांना ही मर्यादा चांगलीच भोवते, कारण रंग जितका दृश्य प्रकाशाच्या आत न्यावा, तितके ते या काठाजवळ येतात.

'सिलिकॉनमध्ये ऊर्जा फोनॉनला जाते' ही सर्वांत मोठी चूक

विद्यार्थ्याच्या वाक्यातली ही चूक सर्वांत खोल रुजलेली आहे. पुस्तकांत 'इनडायरेक्ट पदार्थात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते' असे वाक्य असते, आणि लगेच खालच्या आकृतीत फोनॉनचा बाण काढलेला असतो. वाचणारा दोन्ही जोडतो आणि समजतो की हा बाणच ती उष्णता आहे.

आकडे पाहिले की हे जुळत नाही. सिलिकॉनमधला जो फोनॉन फोटॉन सुटताना मदत करतो, त्याची ऊर्जा साधारण 0.058 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तर गॅप 1.12 चा असतो. म्हणजे फोनॉन संवेगाची जवळजवळ सगळी तूट भरतो, पण ऊर्जेतला पाच टक्केच वाटा घेतो, आणि उरलेली सगळी ऊर्जा फोटॉनकडे जाते. सिलिकॉनचा प्रकाश 1107 नॅनोमीटरऐवजी 1140 च्या आसपास सर्वाधिक असतो, त्याचे कारण मुख्यतः हेच. सिलिकॉनमधल्या कोणत्याही फोनॉनची ऊर्जा 0.065 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर जात नाही, त्यामुळे सगळा गॅप फक्त फोनॉनांत खपवायचा तर किमान अठरा फोनॉन एकाच घटनेत सुटले पाहिजेत, आणि शुद्ध स्फटिकात असे जवळजवळ कधीच घडत नाही.

मग उष्णता येते कुठून? ती स्फटिकातल्या दोषांपाशी येते. लोखंडाचा एखादा भरकटलेला अणू, तुटलेला बंध, कापताना राहिलेली इजा, अशा ठिकाणी गॅपच्या मधोमध कुठेतरी एक पायरी तयार होते. इलेक्ट्रॉन आधी त्या पायरीवर अडकतो, मग होलही तिथेच पकडला जातो, आणि दोषाभोवतीचे अणू जोराने हलून ती ऊर्जा स्फटिकात विरून जाते. हा मार्ग सिलिकॉनमध्ये आहे आणि गॅलियम आर्सेनाइडमध्येही आहे, त्यामुळे फरक मार्गात शोधू नये. फरक दोन्ही पदार्थांतल्या वेगात आहे, आणि तो कळण्यासाठी एक हिशेब शेवटपर्यंत करायलाच हवा.

इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र येऊन प्रकाश देतात, त्या पुनर्संयोगाचा काळ काढण्यासाठी τ = 1/(B × N) हे सूत्र वापरतात. त्यात N म्हणजे प्रत्येक घन सेंटिमीटरमधल्या बहुसंख्य वाहकांची, म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा होल यांपैकी जे जास्त असतील त्यांची, संख्या, आणि B हा त्या पदार्थाचा गुणांक. गॅलियम आर्सेनाइडसाठी B सुमारे 5 × 10⁻¹⁰ घन सेंटिमीटर प्रति सेकंद धरता येतो, आणि सिलिकॉनसाठी सुमारे 5 × 10⁻¹⁵. दोन्ही नमुन्यांत N हा 10¹⁷ असू द्या. गॅलियम आर्सेनाइडमध्ये B × N येतो 5 × 10⁷, म्हणजे काळ 20 नॅनोसेकंद. सिलिकॉनमध्ये तोच गुणाकार 500 येतो, म्हणजे काळ 2 मिलिसेकंद, लाखपट जास्त.

आता हे काळ दोषांशी लढवा. साधारण प्रतीच्या सिलिकॉनच्या चकतीत दोषांमुळे इलेक्ट्रॉन 10 मायक्रोसेकंदांत संपतो असे समजू. प्रकाशाला 2 मिलिसेकंद हवेत आणि दोष त्याच्या दोनशेव्या भागातच काम उरकतात, त्यामुळे दोनशेतला एक इलेक्ट्रॉन प्रकाश देतो, म्हणजे 0.5 टक्के. इतकेच दोष, म्हणजे तेवढाच 10 मायक्रोसेकंदांचा काळ, गॅलियम आर्सेनाइडमध्ये असता तर तिथे 20 नॅनोसेकंदांतच प्रकाश सुटून गेला असता आणि पाचशेतला एखादाच इलेक्ट्रॉन दोषाच्या वाट्याला आला असता.

यावरून लगेच पुढचा प्रश्न येतो: सिलिकॉन इतका शुद्ध केला की दोषांचा काळही मिलिसेकंदांत गेला, तर? प्रकाश नक्की वाढतो. 2001 साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या गटाने उत्तम सौर घटाच्या पद्धतीने बनवलेला सिलिकॉनचा एलईडी दाखवला होता आणि त्याची कार्यक्षमता 1 टक्क्याच्या जवळ होती. सिलिकॉन 'प्रकाश देतच नाही' म्हणणाऱ्यांसाठी एवढा दाखला पुरे. पण शुद्धतेलाही हद्द आहे. वाहक दाट झाले की ऑजे, म्हणजे Auger, प्रक्रिया सुरू होते, जिच्यात पुनर्संयोगाची ऊर्जा प्रकाश न होता तिसऱ्या वाहकाला मिळते, आणि तो ती उष्णतेत उधळतो. घन सेंटिमीटरला 10¹⁷ वाहक असताना सिलिकॉनमध्ये या प्रक्रियेचा काळ काही शे मायक्रोसेकंदांचा असतो, त्यामुळे एकही दोष नसलेल्या चकतीतसुद्धा तिथे शंभरातले फार तर पंधरा-वीस इलेक्ट्रॉनच प्रकाशापर्यंत पोहोचतील. वेगवान प्रकाशमार्ग नसल्याची किंमत कुठेतरी मोजावीच लागते.

'गॅलियम आर्सेनाइड म्हणजे उजेड हमखास'

ही उलट बाजूची चूक विद्यार्थ्यांपेक्षा प्रकल्प करणाऱ्यांना जास्त महागात पडते. गॅलियम आर्सेनाइडचा उघडा तुकडा लेझरखाली ठेवतात, वर्णपटमापकावर अगदी फिका उंचवटा येतो, आणि मग नमुना खराब आहे किंवा यंत्र बिघडले आहे असा शोध सुरू होतो. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात आणि दोष पृष्ठभागाचा असतो.

सिलिकॉनला एक देणगी मिळालेली आहे, ती म्हणजे त्याचा ऑक्साइड पृष्ठभागावरचे तुटके बंध फार चांगले झाकतो. गॅलियम आर्सेनाइडचा ऑक्साइड हे काम करत नाही. त्याच्या उघड्या पृष्ठभागावर वाहक नष्ट होण्याचा वेग सेकंदाला 10⁶ सेंटिमीटरच्या घरात जातो. थर 1 मायक्रोमीटर जाडीचा असेल तर जाडीला या वेगाने भागून काळ येतो 0.1 नॅनोसेकंद. प्रकाशाला 20 नॅनोसेकंद हवे होते. भागाकार केला की पुन्हा तेच 0.5 टक्के येतात, जे वर साध्या सिलिकॉनच्या चकतीसाठी आले होते! ही बरोबरी मी आकडे सोपे निवडल्यामुळे आलेली आहे, पण ती मुद्दा नेमका दाखवते: डायरेक्ट असूनही उघडा गॅलियम आर्सेनाइड सिलिकॉनइतकाच काळवंडू शकतो.

उपाय म्हणजे त्यावर ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचा पातळ थर वाढवणे. दोन्ही स्फटिकांचे एकक कोश जवळजवळ एकाच मापाचे असल्यामुळे सांध्यावर तुटके बंध राहत नाहीत, आणि वरच्या थराचा गॅप मोठा असल्यामुळे इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. उंचवटा फिका असण्याचे कारण पृष्ठभाग आहे की आतले दोष, हे ओळखायचे असेल तर एकाच वेळी वाढवलेले दोन तुकडे, एक झाकलेला आणि एक उघडा, एकाच लेझरखाली पाहावेत. झाकलेला कित्येक पटींनी उजळ आला तर आतला स्फटिक निर्दोष आहे असे समजावे.

प्रयोगातली चूक: कॅमेरा कशाला आंधळा आहे

आता घणसोलीच्या प्रयोगाकडे परत येऊ. 1N4007 काळ्या प्लास्टिकमध्ये बंद असतो, त्यामुळे आतून काही आले तरी बाहेर दिसणे शक्यच नव्हते. मी त्याला डायोडऐवजी सिलिकॉनचा सौर घट वापरायला सांगितले, कारण तो प्रकाश आत घेण्यासाठीच मोकळा ठेवलेला असतो आणि जो मार्ग आत येण्याचा असतो, तोच बाहेर जाण्याचाही असतो.

त्याने 5 सेंटिमीटर बाजूचा जुन्या p प्रकारचा तुकडा मिळवला. अशा तुकड्याला उन्हात जितका प्रवाह मिळतो, तितकाच बाहेरून अग्रदिशेने द्यायचा. 25 चौरस सेंटिमीटरला हा प्रवाह साधारण 0.9 ॲम्पिअर येतो. इथे दोन ठिकाणी हमखास घसरायला होते. पहिले म्हणजे जोडणी उलटी होते. पुरवठ्याचे धन टोक घटाच्या धन टोकालाच जोडायचे असते, आणि या प्रकारच्या घटात ते मागच्या बाजूला असते. दुसरे म्हणजे कोणी व्होल्टमापकाकडे पाहतच नाही. पुरवठ्यावर प्रवाहाची मर्यादा लावून मग दाब पाहावा. घटाच्या टोकांवर 0.6 ते 0.7 व्होल्ट दिसले तर सारे ठीक आहे. पूर्ण प्रवाह वाहत असूनही दाब 0.2 व्होल्टच असेल तर घट आतून शॉर्ट आहे आणि तो उजळणार नाही. 1 व्होल्ट देऊनही प्रवाह वाहत नसेल तर जोडणी उलटी आहे किंवा तार सुटली आहे.

सगळे बरोबर करूनही मोबाइलवर काळोखच दिसला, आणि तसाच तो दिसायला हवा होता. 0.9 ॲम्पिअर म्हणजे सेकंदाला सुमारे 5.6 × 10¹⁸ इलेक्ट्रॉन. साध्या घटात त्यातल्या लाखातल्या एकाचा फोटॉन बाहेर पडला असे धरले, तर एकूण प्रकाश 10 मायक्रोवॉटच्या आसपास येतो. रिमोटमधला छोटा एलईडी फक्त 20 मिलिॲम्पिअरवर दोन-तीन मिलिवॉट देतो, म्हणजे पंचेचाळिसावा भाग प्रवाह घेऊन दोन-अडीचशे पट प्रकाश. गंमत अशी की जुन्या 940 नॅनोमीटरच्या अशा एलईडींमध्ये गॅलियम आर्सेनाइडमध्ये मुद्दाम सिलिकॉनच मिसळलेला असतो, आणि त्यामुळेच त्यांचा प्रकाश 870 वरून 940 कडे सरकतो.

कमी प्रकाश ही अर्धीच अडचण आहे. कॅमेऱ्याचा संवेदकही सिलिकॉनचाच असतो. 1140 नॅनोमीटरचा फोटॉन शोषून घ्यायलाही त्याला फोनॉनची तीच मदत लागते, त्यामुळे संवेदकाच्या काही मायक्रोमीटरच्या थरातून बहुतेक फोटॉन न शोषले जाताच पार निघून जातात. ज्या कारणाने सिलिकॉन हा प्रकाश कष्टाने देतो, त्याच कारणाने सिलिकॉनच्या डोळ्याला तो कष्टाने दिसतो. शिवाय कॅमेऱ्यात अवरक्त अडवणारी काच बसवलेली असते. रिमोटचा ठिपका दिसला म्हणजे कॅमेरा अवरक्त पाहतो, हा विद्यार्थ्याचा समज 940 साठी खरा आणि 1140 साठी निरुपयोगी होता.

शेवटी त्याने एका जुन्या वेबकॅमेऱ्यातली अवरक्त अडवणारी काच काढली, खिडकीला काळे कापड लावले आणि प्रत्येक चित्रासाठी अर्धा मिनिट प्रकाश साठवला. इथे एक पथ्य न पाळल्यास फसगत ठरलेली असते. इतक्या लांब साठवणीत संवेदकाचा स्वतःचा गोंगाट आणि दाराच्या फटीतून येणारा रस्त्यावरचा दिवा हेही चित्रात उतरतात. म्हणून एक चित्र प्रवाह चालू असताना आणि एक प्रवाह बंद असताना, कॅमेरा न हलवता घ्यायचे, आणि पहिल्यातून दुसरे वजा करायचे. जे उरेल तोच घटाचा प्रकाश. तो घट तापल्यामुळे तर आला नसेल, अशी शंका काही जण घेतात. पण अर्ध्या वॉटच्या आसपासच्या शक्तीने घट काही अंशांनीच तापतो, आणि त्या तापमानाला 1.1 मायक्रोमीटरजवळ कॅमेऱ्याला दिसण्याइतके काहीच बाहेर पडत नाही.

वजाबाकी केलेल्या चित्रात चौकोनी तुकडा राखाडी उजळलेला होता, त्यावर चांदीच्या रेषांच्या सावल्या स्पष्ट होत्या, आणि एका कोपऱ्यातून तिरपी काळी भेग गेलेली होती. साध्या डोळ्यांनी तो तुकडा अखंड दिसत होता. भेगेपलीकडच्या भागापर्यंत प्रवाहच नीट पोहोचत नव्हता, म्हणून तो भाग चित्रात काळा आला होता. खारघर-पनवेलच्या छपरांवरची सौर पटले तपासताना हीच पद्धत वापरतात. तिथे अंधारात पटलाला प्रवाह देऊन सिलिकॉनचा हा फिका प्रकाश टिपतात, आणि भेगा शोधतात. विद्यार्थ्याने वहीतला जुना निष्कर्ष खोडला आणि त्याखाली चित्र चिकटवून लिहिले, "साठवण 30 सेकंद, प्रवाह 0.9 ॲम्पिअर, दाब 0.66 व्होल्ट."